चॉपिंग बोर्डचे रंग आणि कच्च्या-तयार अन्नामधली रेषा

हॉटेलच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या रॅकमध्ये उभ्या लावलेल्या रंगीत चॉपिंग बोर्डांच्या संचात सहसा सहा फळ्या असतात. ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या पद्धतीत लाल फळी कच्च्या मांसाची, निळी कच्च्या मासळीची, पिवळी शिजवलेल्या मांसाची, तपकिरी माती लागलेल्या, न धुतलेल्या भाज्यांची, हिरवी सॅलड आणि फळांची, तर पांढरी पाव, चीज, पनीर अशा बेकरीच्या आणि दुधाच्या पदार्थांची. अलीकडे त्यांत जांभळी फळी आली आहे. ती ॲलर्जी असलेल्या ग्राहकांच्या पदार्थांसाठी राखून ठेवतात. साधारण दीड फूट लांब, फूटभर रुंद, अर्धा इंच जाड अशा या फळ्या एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकच्या असतात.

सहा रंग पाठ करायला लावले की नवा मुलगा दोन दिवसांत ते म्हणून दाखवतो आणि चौथ्या दिवशी विसरतो. त्याऐवजी या सहा फळ्या दोन गटांत लावून पाहिल्या, तर सगळी व्यवस्था एका प्रश्नावर उभी असल्याचं दिसतं: कापल्यानंतर हा पदार्थ आचेवर चढणार आहे की थेट ताटात जाणार आहे? लाल, निळी आणि तपकिरी या फळ्यांवरचं सगळं पुढे शिजणार असतं. पिवळी, हिरवी आणि पांढरी या फळ्यांवरचं जसं आहे तसं माणसाच्या तोंडात जाणार असतं. पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जंतू जाऊ नयेत, एवढंच या रंगांचं काम. लाल फळीवर चुकून मासळी कापली गेली तर वासाची तक्रार येईल. लाल फळीवर काकडी कापली गेली तर माणसं आजारी पडतील. या दोन चुका एका मापाच्या नाहीत, आणि नुसतं रंगांचं पाठांतर हा फरक शिकवत नाही.

भारतात ही गल्लत जास्त होते, कारण इथल्या स्वयंपाकघरात एक रेषा आधीपासून ओढलेली आहे, ती शाकाहार आणि मांसाहार यांमधली. व्हेज आणि नॉनव्हेजची भांडी वेगळी, ओटे वेगळे, मोठ्या हॉटेलात खोल्याही वेगळ्या. ही रेषा श्रद्धेची आहे, ग्राहकाच्या विश्वासाची आहे आणि ती कसोशीने पाळली जाते. पण जंतूंची रेषा तिला आडवी छेदून जाते. 'नॉनव्हेजची फळी' अशी एकच फळी असली, की सकाळी तिच्यावर कच्ची कोंबडी तोडली जाते आणि संध्याकाळी तंदूरमधून निघालेल्या कोंबडीचे तिच्यावरच चार तुकडे करून प्लेट लावली जाते. दोन्ही नॉनव्हेजच, मग बिघडलं कुठे, असं आचाऱ्याला वाटतं. 'व्हेजच्या फळी'वरही तेच घडतं. मातीचे बटाटे, पालेभाजीच्या जुड्यांची देठं आणि कोशिंबिरीचा टोमॅटो एकामागून एक तिथेच कापले जातात. अन्न परवान्यासाठी एफएसएसएआयने घातलेल्या स्वच्छतेच्या अटींत शाकाहारी-मांसाहारी यांच्यासारखंच कच्चं आणि शिजवलेलंही वेगळं ठेवायला सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात पहिली अट न सांगता पाळली जाते आणि दुसरीसाठी भिंतीवर तक्ता लावावा लागतो.

रंगांच्या अर्थाचाही घोळ आहेच. भारतीय पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी खूण म्हणजे मांसाहारी, हे लहान मुलालाही कळतं. पूर्वी तपकिरी ठिपका असे, आता त्या जागी तपकिरी त्रिकोण आला आहे. ब्रिटिश तक्त्यात मात्र तपकिरी फळी बटाटे-गाजरांची. साताऱ्याहून आलेल्या मदतनिसाने तपकिरी फळी उचलून तिच्यावर मटण ठेवलं, तर तो बिनडोक ठरत नाही. आयुष्यभर पाकिटावर जे वाचलं तेच त्याने इथे वाचलं. अमेरिकी पद्धतीचा संच आणला तर वेगळीच अडचण. त्यात बहुधा पिवळी फळी कच्च्या कोंबडीची असते आणि शिजवलेल्या मांसाची तपकिरी. म्हणजे ब्रिटिश स्वयंपाकघरात जी पिवळी फळी तयार पदार्थाची, तीच अमेरिकी स्वयंपाकघरात सगळ्यांत धोकादायक कच्च्या मालाची. गोव्यातून आणि कोकणातून जहाजांवर किंवा परदेशी हॉटेलांत कामाला जाणाऱ्या स्वयंपाक्यांना एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत जाताना हा उलटफेर सोसावा लागतो, आणि घाईच्या वेळी हात जुन्या सवयीनेच चालतात. कुठलाही रंग मुळात सुरक्षित किंवा धोक्याचा नसतो. ब्रिटनच्या कायद्यातही रंग नेमून दिलेले नाहीत. अन्न दूषित होणार नाही याची काळजी घेणं बंधनकारक आहे, रंग हा ती काळजी घेण्याचा एक रूढ मार्ग. त्यामुळे एका स्वयंपाकघरात एकच तक्ता, तोही मराठी-हिंदीत आणि चित्रांसकट, हे कुठला तक्ता निवडला यापेक्षा महत्त्वाचं ठरतं.

चित्रांचा आग्रह उगाच नाही. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक थोडेथोडके नाहीत, पुरुषांत त्यांचं प्रमाण बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. नेमक्या लाल आणि हिरव्या याच दोन फळ्यांची अदलाबदल सगळ्यांत महागात पडणारी. म्हणून काही संचांत फळीच्या कडेवर कोंबडी, मासा, गाजर अशी चित्रं कोरलेली किंवा नावं छापलेली असतात. संध्याकाळी पिवळ्या बल्बच्या उजेडात जुनी, हळद मुरलेली पांढरी फळी आणि पिवळी फळी वेगळी ओळखणं तर चांगली नजर असलेल्यालाही जड जातं. हळदीचा डाग प्लास्टिकमधून निघत नाही, हे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांचं खास दुखणं.

जंतू एका पदार्थावरून दुसऱ्यावर नेमके कसे जातात, हे एका साध्या खानावळीच्या दुपारवरून पाहता येईल. मेन्यूत चिकन थाळी: रस्सा, सुकं, भाकरी, भात आणि सोबत कांदा-काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, वर कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. सकाळी दहाला दुकानातून कापून आणलेली पाच किलो कोंबडी सिंकमध्ये नळाखाली धुतली जाते. पाण्याचा जोर मांसावर पडून बारीक तुषार उडतात आणि सिंकच्या कडेवर, शेजारी निथळायला ठेवलेल्या टोमॅटोच्या चाळणीवर, धुणाऱ्याच्या बाह्यांवर बसतात. मग मोठे तुकडे लाल फळीवर घेऊन सुरीने लहान केले जातात. फळीवर गुलाबी पाणी साठतं, ते फडक्याने पुसून फडकं खांद्यावर जातं. सुरी नळाखाली धरून, दोन बोटांनी पातं पुसून बाजूला ठेवली जाते. अकराला कोशिंबिरीसाठी हिरवी फळी निघते. रंग अगदी बरोबर. पण सुरी तीच, खांद्यावरचं फडकं तेच, आणि नळाची तोटी ज्या ओल्या हाताने बंद केली तो हातही तोच. साडेबाराला पहिली थाळी लागते तेव्हा रश्शातली कोंबडी अर्धा तास रटरटून पूर्ण निर्धोक झालेली असते. धोका असतो कोशिंबिरीत. गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं की तो मात्र म्हणतो, चिकन बाधलं.

अशा वेळी किती जंतू पुरेसे होतात, याचा अंदाज आला की फडक्याचं ते एक पुसणं फार मोठं वाटू लागतं. कच्च्या कोंबडीवर हमखास सापडणारा कँपिलोबॅक्टर हा जंतू जुलाब, ताप आणि पोटात मुरडा आणतो. १९८१ साली ब्रिटनमधल्या एका डॉक्टरने पाचशे कँपिलोबॅक्टर घातलेलं दूध स्वतः पिऊन पाहिलं. चार दिवसांनी तो आजारी पडला. कोंबडीच्या कातडीवर दर ग्रॅमला हजाराहून जास्त कँपिलोबॅक्टर सापडणं नवलाचं नाही. म्हणजे हिशेबाने असं अर्धा ग्रॅम लिबलिबीत काही कोशिंबिरीत उतरलं तरी तेवढा डोस भरतो, आणि अर्धा ग्रॅम म्हणजे सुरीच्या पात्यावर राहिलेला पाण्याचा थर. ई. कोलाय ओ१५७ या जंतूच्या बाबतीत शंभराहून कमी पेशीही पुरतात असं मानलं जातं.

कँपिलोबॅक्टरच्या स्वभावात आणखी एक मेख आहे. तो तीस अंश सेल्सियसच्या खाली वाढत नाही आणि फळी वाळली की लवकर मरतो. ऐकायला हे दिलासा देणारं वाटतं, पण त्यामुळे एक लाडकी समजूत मोडते. 'ताजं केलं, लगेच खाल्लं, मग कसली भीती' ही ती समजूत. वाढायला वेळच नको असेल, जेवढे उतरले तेवढेच पुरे असतील, तर ताजेपणा काहीच वाचवत नाही. उलट कोंबडीनंतर लगेच कापलेली कोशिंबीर सगळ्यांत धोक्याची, कारण फळी अजून ओली असते. साल्मोनेलाचं गणित वेगळं आहे. तो थोडा उतरला तरी दमट, उबदार जागी स्वतःची संख्या वाढवतो, म्हणून अकराला कापून तीनपर्यंत ओट्यावर राहिलेली कोशिंबीर साल्मोनेलासाठी वाईट. कोकणच्या किनाऱ्यावर मासळीबरोबर येणारा व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस तर अनुकूल उष्णतेत दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. हे सगळे जंतू पदार्थाच्या आतपर्यंत ७० अंश उष्णता दोन मिनिटं टिकली की मरतात. त्यामुळेच 'पुढे आचेवर चढणार का' या प्रश्नाला एवढं वजन आहे.

हा प्रश्न नीट विचारला की तपकिरी फळीचं कोडंही सुटतं. नवख्याला ती अनावश्यक वाटते. भाजी ती भाजी, तिला दोन फळ्या कशाला? २०११ साली ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणांनी ई. कोलाय ओ१५७ च्या एका साथीचा तपशील जाहीर केला. सुमारे अडीचशे लोक आजारी पडले होते, आणि संबंध आढळला तो सुट्या, माती लागलेल्या बटाट्यांशी आणि लीक या कांदापातीच्या जातीतल्या भाजीशी. बटाटा कुणी कच्चा खात नाही. संशय होता तो मातीवर, घरात भाजी हाताळताना फळीवरून, हातांवरून, सिंकमधून दुसऱ्या पदार्थांवर गेलेल्या मातीवर. जनावरांच्या शेणातून आलेले जंतू शेतातल्या मातीत बराच काळ तग धरतात. शेणखत घालून पिकवलेल्या, मुळांसकट बाजारात येणाऱ्या कोथिंबिरीची जुडी डोळ्यांसमोर आणली, की ही गोष्ट परदेशातली राहत नाही. कोथिंबीर ही सगळ्यांत अवघड वस्तू आहे. ती माती घेऊन येते, म्हणून तपकिरी फळीची. ती कच्चीच भुरभुरायची असते, म्हणून हिरव्या फळीची. उपाय असा की मुळं आणि मातीची देठं तपकिरी फळीवर छाटायची, पानं भरपूर पाण्यात बुडवून, माती तळाशी बसू देऊन वरच्यावर उचलून घ्यायची, हे दोन-तीन पाण्यांत करायचं आणि मगच हिरव्या फळीवर चिरायची. जुडी भांड्यात धरून वरून पाणी ओतलं तर माती पानांतच फिरत राहते. काकडी आणि कलिंगडालाही हेच लागू: साल न धुता सुरी घातली, तर पातं सालीवरचं सगळं आत घेऊन जातं.

मुंबईच्या सँडविचवाल्याकडे मांसाचा संबंधच नसतो. एकच फळी, तिच्यावर उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, लोणी, हिरवी चटणी. रंगांच्या भाषेत बोलायचं तर ती पूर्ण हिरवी-पांढरी फळी आहे आणि एकच असण्यात काही वावगं नाही. तिथलं दुखणं वेगळं असतं. त्याच फळीवर काकडी सोलली जाते का, बटाटा सालीसकट ठेवला जातो का, फळी पुसायचं फडकं ज्या बादलीत बुडतं तिचं पाणी सकाळपासून बदललं आहे का, आणि नोटा घेणारा हात पाव उचलतो का. या सगळ्यांची उत्तरं समाधानकारक असतील तर एका फळीवरही चांगलं सँडविच होतं.

कापणीची साधनं वेगळी ठेवण्याची कल्पना मराठी घराला नवी नाही. किनारपट्टीवरच्या अनेक घरांत मासळीची विळी वेगळी असते आणि ती बाहेर, परसात किंवा मोरीजवळ ठेवलेली असते. कारण बहुधा वासाचं किंवा सोवळ्याचं सांगितलं जातं, पण परिणाम रंगीत फळीसारखाच होतो. विळीचा आणखी एक फायदा असा की पदार्थ हातात धरून पात्यावर चिरला जातो, फळीवर घासत नाही, त्यामुळे चिरांत अडकून राहण्याचा प्रश्न कमी. तोटा असा की पातं आणि पाट यांच्या सांध्यात, खोबरं खवणायच्या दात्यांत जे अडकतं ते निघत नाही.

फळी कशाची असावी, यावर पन्नास वर्षांत मतं एकदा पूर्ण उलटली आणि मग अर्धी परत फिरली. प्लास्टिकला भोकं नाहीत म्हणून ते स्वच्छ, लाकूड पाणी शोषतं म्हणून ते घाणेरडं, असं साधं गृहीत होतं. अमेरिकी सूक्ष्मजीवतज्ज्ञ डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चित्र वेगळं निघालं. लाकडी फळीवर सोडलेले जंतू लाकडाच्या तंतूंत ओढले गेले आणि पृष्ठभागावरून पुन्हा मिळवणं कठीण झालं. आत ते वाढले नाहीत. नवी प्लास्टिकची फळी हाताने सहज स्वच्छ झाली, पण सुरीच्या खाचा पडलेली जुनी प्लास्टिकची फळी हाताने धुऊन स्वच्छ होईना, विशेषतः कोंबडीची चरबी तिच्यावर असताना. म्हणजे नव्या प्लास्टिकची बाजू बळकट, जुन्या प्लास्टिकची कमकुवत, आणि लाकूड समजलं जातं तेवढं वाईट नाही. तरीही हॉटेलांत प्लास्टिकच वापरतात, आणि ते योग्यच आहे. लाकडाला रंग देता येत नाही, डिशवॉशरचं पाणी ते सोसत नाही, आणि एकदा चिरलं की त्या भेगेत क्लायव्हर यांचा निष्कर्ष लागू पडत नाही. मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका ही मात्र निराळी वस्तू. त्याच्या जागी प्लास्टिक दोन दिवसही टिकणार नाही. त्याच्यावर तयार पदार्थ कधी येतच नाही, म्हणून तो चालतो.

फळी धुण्याचा क्रम साधा आहे, पण त्यातली एखादी पायरी गाळली की बाकीच्या फुकट जातात. आधी खरवडून आणि कोमट पाण्याने मांसाचे कण काढायचे. इथे थेट उकळतं पाणी ओतलं तर रक्त आणि प्रथिनं गोठून खाचांत चिकटतात. मग गरम पाणी, साबण आणि ताठ केसांचा ब्रश, खाचांच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी आणि कडांना. मग साबण पूर्ण धुऊन काढायचा. त्यानंतर निर्जंतुकीकरण. बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट चार टक्क्यांचं असेल तर एका लिटर पाण्यात पाच मिलिलिटर, म्हणजे एक छोटा चमचा, घातलं की २०० पीपीएमचं द्रावण होतं. त्यात फळी किमान दोन मिनिटं ओली राहिली पाहिजे. साबणाने धुण्याआधीच क्लोरीन ओतलं तर ते चरबी आणि रक्ताशी लढण्यात खर्च होतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. द्रावण रोज ताजं करावं लागतं, कारण उघड्यावर क्लोरीन उडून जातं. ते सिंकखालच्या ॲसिडच्या बाटलीशी कधीही मिसळायचं नसतं, विषारी वायू निघतो. शेवटी फळी रॅकमध्ये उभी ठेवून वाऱ्यावर वाळू द्यायची. एवढं सगळं करून मग खांद्यावरच्या फडक्याने कोरडी करणं म्हणजे मघाशी काढलेलं परत लावणं. फळ्या एकावर एक आडव्या रचल्या तर मधला ओलावा सकाळपर्यंत जात नाही, आणि बोटाला लागणारा बुळबुळीतपणा हे त्याचं पहिलं लक्षण.

रंगांची मर्यादा सगळ्यांत कठोरपणे दिसली ती २००५ साली दक्षिण वेल्समध्ये. त्या सप्टेंबरात शाळांतली मुलं ई. कोलाय ओ१५७ ने आजारी पडू लागली. एकूण १५७ रुग्ण झाले, त्यांतली बहुतेक मुलंच. ३१ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि एक पाच वर्षांचा मुलगा दगावला. ४४ शाळा या साथीत सापडल्या. माग एका मांसविक्रेत्यापर्यंत गेला, तो शाळांना जेवणासाठी शिजवलेलं, काप केलेलं मांस पुरवत होता. सूक्ष्मजीवतज्ज्ञ ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशीचा अहवाल २००९ मध्ये आला. त्या मांसविक्रेत्याच्या दुकानात कच्चं मांस आणि शिजवलेलं मांस हवाबंद पाकिटात भरायला एकच व्हॅक्यूम पॅकिंग यंत्र वापरलं जात होतं. कच्च्या मांसाचं पाणी यंत्राच्या कप्प्यात राहतं, पुढचं पाकीट त्याच कप्प्यात जातं, आणि हवा खेचताना आतल्या सगळ्या सांध्यांतून ते ओलं फिरतं. असं यंत्र आतून पूर्ण उघडून धुतल्याशिवाय स्वच्छ होत नाही, आणि रोज दोनदा कोण उघडणार? २०११ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने मार्गदर्शन काढलं, त्यात व्हॅक्यूम पॅकर, स्लायसर, मिन्सर असली गुंतागुंतीची यंत्रं कच्च्या आणि तयार अन्नासाठी सामायिक वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं.

भारतीय स्वयंपाकघरात या यंत्राची जागा मिक्सर घेतो. खिम्यासाठी मटण बारीक केलेलं भांडं, झाकणाची रबरी कड काढून न धुता, संध्याकाळी पुदिन्याच्या चटणीला वापरलं, की वेल्सची गोष्ट छोट्या प्रमाणात पुन्हा घडते. तंदूरपाशी ठेवलेला ब्रशही असाच. कच्च्या कोंबडीला मॅरिनेशन लावलेला ब्रश बटरच्या वाटीत बुडतो आणि त्याच बटरने निघालेला कबाब चोपडला जातो. फळ्या रंगीत, ब्रश एकच. जिथे जिथे पदार्थ कच्च्याकडून तयारकडे जातो, त्या प्रत्येक ठिकाणी, मग ती सुरी असो, फडकं, ब्रश, भांडं किंवा नळाची तोटी, वेगळेपण नसेल तर फळीचा रंग फक्त डोळ्यांना समाधान देतो. म्हणून चांगल्या स्वयंपाकघरात सुऱ्यांच्या मुठी आणि फडकीही त्याच रंगांची असतात, आणि तयार पदार्थांचा ओटा सिंकपासून लांब असतो.

जांभळ्या फळीचा हिशेब याहून वेगळा, म्हणून ती या रेषेच्या बाहेर पडते. शेंगदाण्याची ॲलर्जी जंतूमुळे येत नाही, प्रथिनामुळे येते, आणि क्लोरीन किंवा उकळतं पाणी त्या प्रथिनाला संपवत नाही. ते फक्त घासून, धुऊन काढता येतं. साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत कूट घालणाऱ्या स्वयंपाकघरात ही फळी खरोखर वेगळी ठेवायची, तर ती कपाटात झाकून ठेवावी लागते, रॅकमध्ये बाकीच्यांच्या शेजारी नव्हे.

घरात सहा फळ्या ठेवायची गरज नाही. दोन पुरतात. एक कच्च्या मांसाची आणि मासळीची, दुसरी बाकी सगळ्याची. दोन्ही वेगळ्या आकाराच्या असल्या तर रंगाचीही गरज उरत नाही, हात अंधारात ओळखतो. एकच फळी असेल तर कामाचा क्रम तिची जागा घेतो. आधी कोशिंबीर आणि फळं कापून झाकून ठेवायची, मग शिजायच्या भाज्या, सगळ्यात शेवटी कोंबडी किंवा मासळी, आणि त्यानंतर फळीबरोबर सुरी, हात आणि नळाची तोटीही साबणाने. कोंबडी धुवायचीच असेल तर नळाखाली न धरता भांड्यातल्या पाण्यात बुडवून, आणि शेजारी काही उघडं नसताना. हे फार घरांत उलटं चालतं. कोंबडीला शिजायला वेळ लागतो म्हणून ती आधी, आणि कोशिंबीर आयत्या वेळी, ताजी हवी म्हणून शेवटी.

हॉटेलातली व्यवस्था खरंच चालते आहे की भिंतीवरच आहे, हे फळ्या पाहून सांगता येतं. तपासायला आलेला जाणता माणूस तक्ता वाचत नाही, फळ्या हातात घेऊन उजेडात तिरक्या धरतो. लाल फळी खाचांनी पांढुरकी झालेली आणि पिवळी फळी महिन्यानंतरही नव्यासारखी चकचकीत असेल, तर शिजवलेलं मांस कुठेतरी दुसरीकडे कापलं जातं आहे, आणि ते कुठे हे सांगायला जास्त शोधावं लागत नाही. हिरव्या फळीवर हाड तोडल्याचा खोल, आडवा घाव असेल तर गर्दीच्या वेळी काय होतं ते कळतं. काही ठिकाणी कापसाच्या बोळ्याने पुसून एटीपी मोजणारं छोटं यंत्र वापरतात. त्याचा आकडा जंतूंइतकाच अन्नाच्या उरलेल्या कणांमुळेही वाढतो, त्यामुळे फळी नीट धुतली का एवढंच तो सांगतो, तिच्यावर कोणता जंतू आहे हे नाही. नख फिरवल्यावर अडकेल इतकी खोल खाच पडली की फळी रंधून सपाट करून घेता येते. दोन-तीनदा रंधल्यावर ती पातळ होऊन वाकते, ओट्यावर डुगडुगते आणि सुरी निसटते. त्या वेळी ती फेकायची असते. बहुतेक ठिकाणी तेव्हा ती 'बाकी कामाला' म्हणून बाजूला ठेवली जाते, रंग उडालेली, कुठल्याच गटात न बसणारी, आणि गर्दीच्या वेळी जी पहिली हाताला लागते ती नेमकी तीच.